बाल्कनीच्या कठड्यावर स्वीट पी : बी भिजवण्यापासून शेंडा खुडण्यापर्यंत

स्वीट पी ही थंडीतील वेल आहे, आणि पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यात तिला मानवणारी थंडी नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जेमतेम साडेतीन महिने मिळते. एवढ्याच काळात तिला उगवायचे असते, कठडा भरायचा असतो आणि फुलायचेही असते. त्यामुळे बी किती वेळ भिजवावे, आधार कधी बांधावा, शेंडा खुडावा की नाही, या सगळ्या प्रश्नांचे उत्तर शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबते, ती म्हणजे हाताशी किती दिवस उरले आहेत. पुढील सर्व माहिती पुण्यातील एका ठरावीक बाल्कनीचा विचार करून दिली आहे. दुसरा मजला, आग्नेय दिशा, साडेतीन फूट उंच आणि आठ फूट लांब लोखंडी कठडा, आणि कठड्याला उभे गज. आपली बाल्कनी वेगळी असेल तर काय बदलावे, तेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

मुंबई आणि कोकण किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी मात्र स्वीट पीचा आग्रह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे डिसेंबरातही दुपारी तापमान तिशीपार जाते आणि रात्र पुरेशी गार होत नाही. वेल जगते, पण फुलते थोडी आणि लवकर पिवळी पडते. त्यांच्यासाठी मॉर्निंग ग्लोरी हा योग्य पर्याय आहे. तिच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

बी निवडताना पाहायची गोष्ट

बियांच्या पाकिटावरील रंगीत चित्र पाहून निवड करण्याआधी वाणाचे नाव वाचावे. स्वीट पीच्या वाणांमध्ये एक मूलभूत भेद आहे आणि तो दिवसाच्या लांबीचा आहे. काही वाण दहा-अकरा तासांचा दिवस असतानाच कळ्या धरतात. याउलट इंग्लंडमधील उन्हाळ्यासाठी तयार झालेल्या ‘स्पेन्सर’ गटातील बहुतेक वाणांना साधारण बारा तासांचा दिवस लागतो. पुण्यात डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा असतो आणि दिवस बारा तासांचा होईपर्यंत मार्चचा मध्य उजाडतो. म्हणजे लांब दिवसाची वाट पाहणाऱ्या वाणाला फुलण्याची खूण मिळते तेव्हा पारा पस्तीसच्या आसपास पोहोचलेला असतो. अशी वेल जानेवारी-फेब्रुवारीत हिरवीगार, निरोगी दिसते आणि तरीही एकही कळी धरत नाही. अशा वेळी नवशिक्या माणसाला खतात चूक झाल्यासारखे वाटते, पण खरे कारण पाकिटातच असते.

म्हणून ‘विंटर एलिगन्स’, ‘मॅमथ’ किंवा ‘कुथबर्टसन’ यांसारखे लवकर फुलणारे वाण शोधावेत. ते न मिळाल्यास रोपवाटिकेत ‘थंडीत लवकर फुलणारे’ असे स्पष्ट विचारून घ्यावे. ‘बिजू’ किंवा ‘नी-हाय’ यांसारखे बुटके वाणही मिळतात. ते दीड-दोन फुटांवर थांबतात, त्यामुळे कुंडीत शोभतात, पण त्यांनी कठडा भरत नाही.

बियाणे याच वर्षीचे असावे. आणखी एक सावधगिरी सर्वांत आधी घ्यावी. स्वीट पीचे बी आणि शेंग दोन्ही मटारासारख्या दिसत असल्या तरी त्या खाण्याजोग्या नाहीत. बियांमध्ये विषारी घटक असतात. घरात लहान मुले असतील तर पाकीट आणि भिजत घातलेली वाटी त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी, आणि ती वाटी स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये.

कुंडी आणि माती

स्वीट पीचे मूळ खोल जाते. कठड्यावर अडकवण्याच्या ज्या लांबट उथळ कुंड्या बाजारात मिळतात, त्यांची खोली सहा-सात इंच असते. त्यात वेल दोन-अडीच फूट वाढते आणि फेब्रुवारीच्या पहिल्या गरम दुपारी माना टाकते. निदान बारा इंच खोल आणि तितक्याच रुंद तोंडाच्या कुंड्या घ्याव्यात. आठ फुटांच्या कठड्याला अशा तीन कुंड्या पुरतात. पाणी दिल्यावर अशी एकेक कुंडी वीस किलोच्या आसपास भरते, म्हणून ती कठड्यावर किंवा कठड्याबाहेर टांगण्याचा विचारही करू नये. कुंडी बाल्कनीच्या फरशीवर, कठड्याच्या आतल्या बाजूला, खाली ताटली ठेवून मांडावी आणि वेल तेवढी कठड्यावर चढवावी.

कठड्याचा खालचा भाग गजांचा नसून विटांच्या भिंतीचा असेल तर फरशीवर ठेवलेली कुंडी दिवसभर सावलीत राहते. अशा ठिकाणी कुंडी स्टुलावर किंवा विटांच्या थरावर इतकी उंच ठेवावी, की तिच्या काठावर सकाळचे ऊन पडेल. उन्हाची दिशाही हिवाळ्याच्या हिशेबाने पाहावी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि पुण्यात भर दुपारीही तो आकाशात निम्म्या उंचीपर्यंतच येतो. त्यामुळे दक्षिणेकडील बाल्कनीत ऊन आतपर्यंत शिरते, पूर्वेकडे सकाळचे चांगले ऊन मिळते आणि उत्तरेकडील बाल्कनीत मात्र थेट ऊन जवळजवळ येतच नाही. किमान पाच तास थेट ऊन नसेल तर ही वेल लावू नये.

मातीचे मिश्रण साधेच असावे. दोन भाग बागेतील माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट पुरे होते. प्रत्येक कुंडीत मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. कुंडीच्या तळाची भोके मोकळी आहेत ना, हे माती भरण्याआधीच पाहून घ्यावे. खत याहून जास्त घालण्याचा मोह टाळावा. ही वेल मटाराच्या कुळातील आहे आणि तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र तिला मिळवून देतात. वरून नत्राचा मारा झाला की पाने तळहाताएवढी होतात आणि कळ्या उशिरा येतात.

बी भिजवणे

पाऊस परतल्यानंतरचा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा पुण्यात तापलेला असतो, म्हणून पेरणी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात करावी. नोव्हेंबरचा पहिला आठवडाही चालतो. त्यानंतर केलेली पेरणी उगवते, पण फुलांचे दिवस कमी होतात.

स्वीट पीचे बी गोल, गर्द तपकिरी, चार-पाच मिलिमीटरचे असते आणि त्याचे कवच काही दाण्यांत इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. भिजवण्याचा मुख्य उपयोग असा, की कोणत्या दाण्यांत पाणी शिरते आणि कोणत्यांत नाही, हे पेरणीआधीच कळते. न भिजवता पेरलेले ताजे बीही उगवते, पण मग काही दाणे आठवड्याने आणि काही तीन आठवड्यांनी वर येतात. आपल्या तोकड्या हंगामात ते दोन आठवडे परवडत नाहीत.

रात्री नऊच्या सुमारास वाटीभर कोमट पाण्यात वीस दाणे टाकावेत. पाणी बोटाला सुखद वाटेल इतकेच कोमट असावे. गरम पाण्याने गर्भ मरतो. सकाळी सातच्या सुमारास दाणे पांढऱ्या बशीत काढून नीट पाहावेत. ज्यांत पाणी शिरले आहे ते जवळजवळ दुप्पट फुगलेले, रंगाने फिके आणि कवचाला ताण आलेले दिसतात. ज्यांत शिरले नाही ते काल होते तसेच लहान, गर्द आणि टणक राहिलेले असतात. दाणा तरंगला की बुडाला, यावरून काही ठरवू नये.

फुगलेले दाणे त्याच सकाळी पेरावेत. टणक राहिलेल्या दाण्यांना नखाएवढी मदत लागते. प्रत्येक दाण्यावर एका बाजूला शेंगेला चिकटलेल्या जागेची लहानशी खूण असते, तिला बियाचा डोळा म्हणतात. अंकुर त्याच्या जवळून निघतो, म्हणून त्या जागेला हात लावू नये. डोळ्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला नेलकटरने कवचाचा टिचभर भाग असा कापावा, की आतील फिकट पिवळसर भाग फक्त डोकावेल. खोल कापल्यास तेथूनच बुरशी लागते. नेलकटर हातात स्थिर राहत नसेल तर पॉलिश पेपरवर दाणा चार-सहा वेळा घासला तरी चालते. हे दाणे पुन्हा कोमट पाण्यात घातले की दुपारपर्यंत फुगतात.

दहा-बारा तासांहून अधिक काळ बी पाण्यात ठेवू नये, आणि चोवीस तास तर कधीच नाही. पाण्याखालच्या बियाला श्वसनासाठी हवा मिळत नाही आणि त्यातील साखर पाण्यात उतरू लागते. ऑक्टोबरातील उबदार घरात असे पाणी लवकर गढूळ होते, बोटांना बुळबुळीत लागते आणि त्याला आंबूस वास येतो. असा वास आला तर ते बी पेरण्यात अर्थ नाही. सकाळी पेरणीला वेळ नसेल तर फुगलेले दाणे पाण्यातून काढून, मटकीला मोड आणतो तसे ओल्या फडक्यात सैल गुंडाळून ठेवावेत. तेथे ते एक-दोन दिवस सुरक्षित राहतात. मोड दिसू लागताच मात्र पेरावे, कारण अर्धा इंच लांब झालेला मोड हाताळताना हमखास तुटतो.

बी थेट कायमच्या कुंडीतच पेरावे. ट्रेमध्ये रोपे करून नंतर हलवण्याची पद्धत अनेक जण सांगतात, पण या वेलीच्या मुळांना धक्का सोसत नाही आणि रोप सावरण्यात आठवडा जातो. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्यावे. पेरताना बोटाने एक इंच खोल भोक करून त्यात एक दाणा टाकावा आणि वरून माती सारखी करावी. बारा इंची कुंडीत तीन-साडेतीन इंचांच्या अंतराने सहा दाणे टाकावेत आणि उगवल्यावर त्यांतील चांगली चार-पाच रोपे ठेवावीत. पेरल्यानंतर माती ओलसर राहील इतपतच पाणी शिंपडावे. बियांच्या कुजण्याचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे भिजवलेले बी चिखलात पेरणे.

आठ ते बारा दिवसांत मानेत वाकलेला कोंब वर येतो. बियाची दोन दले मातीखालीच राहतात, त्यामुळे आधी दिसते ते पानांचे कोवळे टोक. ते कबुतरांना फार आवडते. पहिले दोन आठवडे कुंडीवर जाळीचा तुकडा किंवा प्लास्टिकची भोके असलेली टोपली उपडी घालावी.

आधार : कठडा हा आधार नव्हे

कठडा आहे म्हणजे वेलीची सोय झाली, हा समज सर्वत्र आढळतो. स्वीट पीच्या बाबतीत तो अजिबात खरा नाही. ही वेल खोडाने वेढे घेत नाही. तिच्या पानाच्या टोकाला केसासारखे बारीक, फांद्या फुटलेले ताणे येतात आणि ते ताणेच आधार धरतात. ताण्याला एखादी बारीक वस्तू लागली की काही तासांत तो तिच्याभोवती वळू लागतो, पण वस्तू पेन्सिलीहून जाड असेल तर त्याला तिच्याभोवती पुरेसा वेढा घालता येत नाही आणि तो सुटून जातो. कठड्याचा दीड-दोन इंची पाइप त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. उभे गजही बहुधा जाडच असतात, शिवाय गुळगुळीत असतात आणि दुपारी तापतात. आधार न सापडलेले ताणे मग एकमेकांनाच धरतात, वेलीचा गुंता होतो आणि तो आपल्याच वजनाने कठड्यावरून खाली घसरतो.

तेव्हा कठड्याचा उपयोग आधार बांधण्यासाठी करावा. आपल्या आठ फुटांच्या कठड्यासाठी चार ते सहा इंचांचे चौकोन असलेली वेलींसाठीची नायलॉन जाळी घ्यावी आणि ती कठड्याच्या आतल्या बाजूने, वरच्या पाइपाला व खालच्या पट्टीला, दर फुटावर ताणून बांधावी. जाळी आणि गज यांच्यामध्ये दोन बोटे अंतर राहील असे पाहावे, म्हणजे तापलेले लोखंड कोवळ्या खोडाला टेकत नाही आणि मागून हवाही खेळते. कठडा काचेचा असेल तर हे अंतर चार इंचांपर्यंत वाढवावे, कारण काचेजवळची हवा दुपारी फार तापते. जाळी नको असल्यास तागाची सुतळी उत्तम. वरच्या पाइपापासून कुंडीपर्यंत दर चार इंचांवर एक उभी दोरी घ्यावी आणि मग आडव्या दोऱ्या सहा-सहा इंचांवर तिच्यात गुंफाव्यात. गुळगुळीत प्लास्टिकच्या दोरीवर ताणे घसरतात. सुतळी खरखरीत असल्यामुळे पकड देते आणि हंगाम संपल्यावर वाळलेल्या वेलीसह खताच्या डब्यात टाकता येते.

उंच जाणाऱ्या वाणाची वेल पाच-सहा फूट होते आणि कठडा साडेतीन फुटांचा आहे, याची सोय सुरुवातीलाच करावी. एक मार्ग म्हणजे कठड्याच्या दोन्ही टोकांना सहा फुटी बांबूच्या काठ्या बांधून वर दोन-तीन आडव्या दोऱ्या ताणणे. वरच्या मजल्यांवर वारा जोराचा असतो, तेथे मी हा मार्ग सुचवणार नाही. तेथे वेल कठड्याच्या उंचीला पोहोचली की तिचा शेंडा हलक्या हाताने आडवा वळवून वरच्या पाइपाखालील दोरीवरून पुढे न्यावा. आडव्या वळवलेल्या वेलीला बगलेतून अधिक फांद्या फुटतात आणि फुलेही डोळ्यांच्या पातळीच्या जवळ राहतात.

आधार बी पेरण्याच्या दिवशीच बांधून ठेवावा. रोपे वीतभर झाल्यावर जाळी बांधायला गेले की हाताखाली दोन-तीन रोपे मोडतातच. अगदी सुरुवातीच्या, तीन-चार इंचांच्या रोपांचे ताणे इतके नाजूक असतात की त्यांना सुतळीही जाड पडते. त्यांच्यासाठी जुन्या खराट्याचे हीर तोडून प्रत्येक रोपाजवळ जाळीकडे कललेला एकेक खोचावा. त्या हिरावरून रोप आपोआप जाळीपर्यंत जाते. नंतरही दर तीन-चार दिवसांनी फेरी मारून बाहेर, रस्त्याच्या बाजूला झुकणारे शेंडे आत घ्यावेत. वेल उन्हाकडे झुकते, त्यामुळे हे काम शेवटपर्यंत करावे लागते. शेंडा सकाळी ताठ आणि ठिसूळ असतो. दुपारी तो किंचित मऊ पडतो, तेव्हा वळवला तर मोडत नाही.

शेंडा खुडणे

पेरणीनंतर साधारण चार आठवड्यांनी रोप चार ते सहा इंचांचे होते. त्याला नीट पाहिले तर खोडावर थोड्या थोड्या अंतराने पेरे दिसतात आणि प्रत्येक पेऱ्यावर एक पान असते. हे पान म्हणजे समोरासमोरच्या दोन पर्णिकांची जोडी. पान खोडाला जेथे मिळते त्या बगलेत डोकावून पाहावे. तेथे मोहरीच्या दाण्याहून लहान असा हिरवा डोळा असतो. वरचा शेंडा वाढत असतो तोवर तो या डोळ्यांना दाबून ठेवतो. शेंडा काढला की हा दाब उठतो आणि खालचे डोळे फुटून फांद्या होतात. शेंडा खुडण्याचे सारे कारण एवढेच आहे.

खालून मोजत तिसऱ्या पानापर्यंत यावे आणि त्या पानाच्या लगेच वर, नखाने किंवा लहान कात्रीने, शेंडा काढून टाकावा. पानाच्या वर लांब खुंट ठेवू नये, कारण तो वाळतो आणि काही वेळा कुजतो. ज्या रोपाला अजून तीनच पाने आहेत त्याला घाई करू नये. चौथे-पाचवे पान उलगडल्यावर खुडावे. आठवडाभरात खालच्या बगलांतून दोन-तीन फांद्या निघतात, आणि स्वीट पीमध्ये त्या मूळ खोडापेक्षा बहुधा जाड व जोमदार असतात. कुंडीत चार रोपे असतील तर आठ ते बारा वेली जाळीवर चढू लागतात आणि कठड्याचा तळ उघडा राहत नाही.

याला मर्यादा आहे, आणि ती पुन्हा दिवसांचीच आहे. खुडल्यामुळे पहिले फूल दहा-बारा दिवस लांबते. ऑक्टोबरअखेर पेरलेल्या रोपांना हा विलंब सहज परवडतो. पंधरा नोव्हेंबरनंतर पेरले असेल तर शेंडा खुडू नये. वेल एकशेंडी राहील, पण वेळेत फुलेल. अशा वेळी कठडा भरण्यासाठी कुंडीत एक-दोन रोपे जास्त ठेवावीत. दुसऱ्यांदा शेंडा खुडण्याचा सल्ला थंड देशांतील लांब हंगामासाठी ठीक आहे, आपल्याकडे तो पाळू नये. फांद्या कठड्याच्या वर गेल्यावर त्या कापून ‘आकार देणे’ ही तर त्याहून मोठी चूक होते, कारण कळ्या त्या शेंड्यांवरच येणार असतात.

पाणी, कळ्या आणि फुले

रोपे लहान असताना मातीचा वरचा इंचभर थर सुकल्यावरच पाणी द्यावे. कळ्या लागल्यावर मात्र कुंडी कोरडी पडू देऊ नये, आणि फेब्रुवारीत बहुतेक रोज सकाळी पाणी लागते. वाळलेल्या पानांचा दोन इंच थर मातीवर पसरला तर मुळे गार राहतात. पहिल्या कळ्या दिसल्यावर पंधरा दिवसांतून एकदा पालाश अधिक असलेले विद्राव्य खत, पाकिटावर दिलेल्या प्रमाणाच्या निम्म्याने, द्यावे.

वेळेवर पेरलेल्या लवकर फुलणाऱ्या वाणाला संक्रांतीच्या सुमारास पहिली फुले येतात. त्याआधी काही कळ्या पिवळ्या पडून देठासकट गळतात, तेव्हा घाबरून खत किंवा औषध घालू नये. सलग ढगाळ दिवस, रात्र आणि दुपार यांच्या तापमानातील मोठी तफावत किंवा अति पाणी यांमुळे असे होते. पाणी थोडे कमी करून आठवडाभर थांबावे, पुढच्या कळ्या टिकतात. कळ्यांऐवजी शेंडे आकसलेले व चिकट दिसले तर पानांची खालची बाजू पाहावी. तेथे हिरवट मावा सापडेल. पहिल्या दिवशी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊन काढावा, आणि पुन्हा आला तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. पानांवर पीठ शिंपडल्यासारखा थर आला तर ती भुरी आहे. तशी पाने काढून टाकावीत आणि गुंता विरळ करावा.

फुले तोडली नाहीत तर वेल थांबते. एका जरी फांदीवर शेंगा भरू लागल्या की वेलीची शक्ती बियांकडे जाते आणि नव्या कळ्या कमी होतात. म्हणून दर एक दिवसाआड, दांडीवरील शेवटची कळी उमलण्याच्या बेतात असताना, दांडी मुळाशी कात्रीने कापून घ्यावी. पाण्यात ठेवलेली फुले तीन-चार दिवस टिकतात आणि खोलीभर सुवास राहतो. ओढून तोडल्यास जाळीवरचे ताणे सुटतात. सुकलेली फुले आणि नजरचुकीने राहिलेल्या कोवळ्या शेंगाही त्याच फेरीत काढाव्यात. असे केल्यास फुले मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळतात.

पुढच्या वर्षीसाठी बी ठेवायचे असल्यास फेब्रुवारीच्या अखेरीस एकच चांगली वेल निवडून तिची फुले तोडणे थांबवावे. स्वीट पीचे फूल उमलण्याआधीच आपल्याच परागाने फळते, त्यामुळे साध्या वाणाच्या घरच्या बियांतून बहुधा तोच रंग येतो. शेंगा तपकिरी होताच काढाव्यात, कारण पूर्ण वाळलेली शेंग पीळ घेत तडकते आणि दाणे कठड्यापलीकडे उडवते. बाकीच्या वेली ओढून उपटू नयेत. मातीलगत कापाव्यात, म्हणजे नत्राच्या गाठी असलेली मुळे कुंडीतच कुजतात.

किनारपट्टीवर, आणि पावसाळ्यासाठी : मॉर्निंग ग्लोरी

मॉर्निंग ग्लोरीला उष्णता हवी असते, म्हणून तिची पेरणी मुंबई-कोकणात आणि पुण्यातही जून-जुलैत करता येते. पावसाचा जोर फार असेल तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबावे. तिचे बी काळे, त्रिधारी आणि स्वीट पीहून टणक असते. भिजवण्याची रीत तीच, पण येथे न फुगणाऱ्या दाण्यांचे प्रमाण अधिक असल्यामुळे मी आधीच सर्व दाण्यांच्या पाठी पॉलिश पेपरवर घासून मग रात्रभर भिजवावेत असे सुचवेन. बियाणे हेही विषारी असते, तेव्हा तीच काळजी घ्यावी. अर्धा इंच खोल पेरल्यास पाच ते सात दिवसांत उगवते, आणि येथे बीजदले मातीवर येतात. ती मधोमध खोल दुभागलेली असतात, म्हणून ती खरी पाने समजून मोजू नयेत.

आधाराचा प्रकार मात्र वेगळा लागतो. या वेलीला ताणे नसतात, तिचे खोडच वेढे घेत चढते. त्यामुळे तिला आडव्या दोऱ्यांचा उपयोग नाही, उभ्या हव्यात. कठड्याचे गज बोटाएवढे असतील आणि फार तापत नसतील तर ती त्यांवरही चढते, पण काथ्याच्या दोरीवर ती अधिक सहज जाते. वरून पाहिले तर तिचे वेढे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने जातात. शेंडा दोरीला लावून देताना त्याच दिशेने वळवावा, कारण उलट गुंडाळलेला शेंडा दुसऱ्या दिवशी सुटून हवेत लोंबताना दिसतो.

शेंडा पाच-सहा खरी पाने आल्यावर एकदा, चौथ्या पानाच्या वर, खुडावा. या वेलीची वाढ वेगवान असल्याने विलंबाची चिंता नाही, आणि न खुडल्यास ती सरळ वरच्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत जाते व आपला कठडा रिकामा राहतो. दिवस लहान होऊ लागले की, म्हणजे सप्टेंबरपासून, ती भरभरून फुलते. प्रत्येक फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून ज्या बाल्कनीत सकाळचे ऊन येते आणि घरातली माणसे सकाळी असतात तेथेच ती लावण्यात अर्थ आहे. नोव्हेंबरात बोंडे वाळू लागली की ती फुटण्याआधी तोडून घ्यावीत. पडलेले बी पुढच्या पावसात शेजारच्या कुंड्यांत, गटारीच्या कडेला आणि खालच्या कुंपणावर उगवते, आणि तेथून ही वेल काढून टाकणे फार अवघड जाते.